३७ ची नळी कुठे आहे? एन्झाईमच्या प्रयोगाचा सारांश शंभर शब्दांत बसवताना

दुसऱ्या वर्षाला असताना लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग केला आणि पहिल्यांदाच अहवालाच्या वर सारांश लिहायची वेळ आली. मर्यादा शंभर शब्द. माझा मसुदा भरला १८० च्या पुढे. त्यातले सुरुवातीचे पन्नासेक शब्द एन्झाईम म्हणजे काय, ती कशाची बनलेली असतात आणि पचनात अमायलेज काय करतं, हे सांगण्यात गेले होते. ते मी स्वतःच खोडले, कारण आमचा अहवाल वाचणाऱ्याला अमायलेज माहीत असणारच. खरी गंमत शेवटच्या वाक्यात होती. मी लिहिलं होतं: ‘यावरून अमायलेजचे इष्टतम तापमान ३७ अंश असून ६० अंशांना ते डिनेचर होते हे सिद्ध झाले.’

मॅडमनी एवढंच विचारलं, “तुझी ३७ ची नळी कुठे आहे?”

नव्हतीच. आम्ही २०, ३०, ४०, ५०, ६० आणि ७० अंशांना नळ्या ठेवल्या होत्या. ३७ हा आकडा शरीराच्या तापमानावरून डोक्यात बसलेला होता, तो न विचारता सारांशात येऊन बसला. स्वतःच्या तक्त्यात सर्वांत मोठी किंमत ४० समोर होती, तरी मी ३७ लिहून मोकळी झाले.

त्या दिवसापासून मी सारांश उलट्या क्रमाने लिहिते. आधी मोजमापांचा तक्ता समोर ठेवायचा आणि निकालाची वाक्यं लिहायची. मग त्या आकड्यांवरून जेवढं म्हणता येतं तेवढाच निष्कर्ष. त्यानंतर पद्धत, आणि तीही ते आकडे वाचायला लागेल तेवढीच. उद्देश सगळ्यात शेवटी, एका ओळीत. वाचताना क्रम अर्थातच सरळ लागतो.

निकालाला सर्वाधिक जागा द्यावी असं माझं मत आहे. ‘तापमान वाढले तशी क्रियाशीलता वाढली व नंतर कमी झाली’ हे वाक्य प्रयोग न करताही लिहिता येतं, म्हणून ते सारांशात नको. आकडा हवा, त्याला एकक हवं, आणि तो किती डळमळीत आहे हेही हवं. आमच्या तीन-तीन नळ्यांची सरासरी ४० अंशांना ०.५६ आली, ५० अंशांना ०.४७, आणि प्रमाण विचलन अनुक्रमे ०.०३ व ०.०४. सहाही तापमानांचे आकडे द्यायची गरज नाही, ते तक्त्यात आहेतच. आलेखाचा चढ, शिखर आणि उतार कळेल एवढे पुरेत.

एककापाशी माझी आणखी एक चूक निघाली. मी ‘तयार झालेले माल्टोज मोजले’ असं लिहिलं होतं. आम्ही वापरलेलं डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल, ज्याला प्रयोगशाळेत सगळे डीएनएस म्हणतात, ते माल्टोज ओळखत नाही. उकळत्या पाण्यात ठेवल्यावर कुठल्याही रिड्युसिंग शुगरशी त्याचा रंग नारिंगी-तांबूस होतो. आपण तो रंग माल्टोजच्या प्रमाण आलेखाशी ताडतो, म्हणून उत्तर माल्टोजमध्ये येतं. स्टार्च तुटताना माल्टोजबरोबर इतरही लहान तुकडे निघतात. तेव्हा ‘माल्टोज-तुल्य’ हा जोडशब्द बरोबर. शब्दसंख्येत एकच धरला जातो, हा वरचा फायदा!

पद्धतीत काय ठेवायचं हे ठरवायला मी एक चाळणी लावते: ही गोष्ट बदलली असती तर आकडा बदलला असता का? पीएच, स्टार्चचं प्रमाण, वेळ, तापमानांची यादी, मोजण्याची पद्धत, नळ्यांची संख्या, हे सगळं या चाळणीवर राहतं. वॉटर बाथ, पिपेट, नळ्या कशा धुतल्या, हे खाली पडतं. कलरीमीटर कुठल्या बनावटीचा होता हेही पडतं. तरंगलांबी मात्र राहते.

हे सगळं केल्यावर सारांश असा झाला:

‘लाळेतील अमायलेजच्या क्रियाशीलतेवर तापमानाचा परिणाम तपासणे हा उद्देश होता. विरल केलेल्या लाळेची १ टक्का स्टार्चशी पीएच ६.९ ला, २० ते ७० अंश सेल्सिअसदरम्यान दहा-दहा अंशांच्या अंतराने, पाच मिनिटे अभिक्रिया घडवली. तयार झालेली रिड्युसिंग शुगर डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल वापरून ५४० नॅनोमीटरला मोजली. प्रत्येक तापमानाला तीन नळ्या घेतल्या. क्रियाशीलता ४० अंशांना सर्वाधिक, दर मिनिटाला प्रति मिलिलीटर ०.५६ ± ०.०३ मायक्रोमोल माल्टोज-तुल्य (सरासरी ± प्रमाण विचलन) आढळली. २० अंशांना ती ०.२१ ± ०.०२ आणि ५० अंशांना ०.४७ ± ०.०४ होती. ६० अंशांना ती कमाल मूल्याच्या चतुर्थांशावर आली आणि ७० अंशांना जेमतेम ०.०२ उरली. पाच मिनिटांच्या अभिक्रियेसाठी इष्टतम तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान आहे.’

बरोबर शंभर. आधी उद्देशात ‘हा या प्रयोगाचा उद्देश होता’ असं होतं. ‘या प्रयोगाचा’ काढून दोन शब्द सुटले आणि ‘सरासरी ± प्रमाण विचलन’ आत आलं. संगणक मोकळ्या जागेवरून शब्द मोजतो, म्हणून सुटं ± चिन्हही एक शब्द धरलं जातं. जागा गाळून आकडे चिकटवले तर संख्या कमी दिसते, पण ती लबाडी तपासणाऱ्याच्या डोळ्यांत येतेच. शिवाय ओळ वाचायला त्रास होतो.

शेवटच्या वाक्याकडे पुन्हा पाहा. ‘४० अंश’ असं थेट का लिहिलं नाही? कारण ४० च्या अलीकडे ३० ला आणि पलीकडे ५० ला मोजमाप आहे, मध्ये काहीच नाही. शिखर ३७ ला असेल, ४४ लाही असेल; आमच्या नळ्यांना ते दिसणार नाही. हवं असेल तर ३० ते ५० मध्ये दोन-तीन अंशांच्या अंतराने नव्याने नळ्या लावाव्या लागतील.

आणि ‘पाच मिनिटांच्या अभिक्रियेसाठी’ या तीन शब्दांवर मैत्रिणीने आक्षेप घेतला होता, काढून टाक म्हणाली. ते मी हट्टाने ठेवले. ५० अंशांना एन्झाईम सुरुवातीला जोरात चालतं, पण चालता चालता निकामीही होत जातं. पाच मिनिटांत त्याचा वेग फार पडलेला दिसत नाही, अर्धा तास ठेवलं तर सरासरी बरीच खाली येईल आणि शिखर थंड बाजूला सरकेल. म्हणजे इष्टतम तापमान हा एन्झाईमचा एकदाच ठरलेला आकडा नाही, मोजायला किती वेळ घेतला त्यावरही तो अवलंबून असतो.

‘डिनेचर’ मात्र काढावंच लागलं. ६० ला क्रियाशीलता कमी झाली एवढंच आम्ही पाहिलं. एन्झाईम कायमचं बिघडलं असं म्हणायचं तर ते आधी स्टार्चशिवाय ६० ला ठेवून, मग ४० ला आणून, तिथे पुन्हा मोजायला हवं होतं. ती नळीही आमच्याकडे नव्हती. तो शब्द मी चर्चेच्या भागात नेला, ‘शक्यता’ असं जोडून. तिथेच ३७ चाही उल्लेख एकदा आला: शरीराच्या तापमानाशी तुलना म्हणून, आणि त्या तापमानाला आम्ही मोजलेलं नाही हे सांगून.