पंपाचा दांडा काढल्यामुळे साथ थांबली का? एकाच प्रकरणात कारणाचा माग घेताना

प्रोसेस ट्रेसिंग, म्हणजे एकाच प्रकरणात कारणापासून परिणामापर्यंतचा माग कडी-कडीने तपासण्याची पद्धत, शिकू पाहणाऱ्या नव्या सहकाऱ्यांना मी सुरुवातीला 1854 मधील लंडनच्या कॉलऱ्याचे प्रकरण देतो. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, ही हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. ती तपासायला घ्यावी ती त्यामुळेच.

प्रथम दाव्यातील यंत्रणा कडी-कडीने लिहून काढावी. विहीर दूषित झाली, लोक ते पाणी प्याले आणि आजारी पडले. 8 सप्टेंबरला दांडा निघाल्यावर पाणी पिणे थांबले आणि मृत्यू घटले. मग प्रत्येक कडीसाठी, पुरावे चाळण्यापूर्वीच, दोन गोष्टी नोंदवाव्यात: ही कडी खरी असेल तर काय सापडलेच पाहिजे, आणि ती खोटी असूनही तेच सापडण्याची शक्यता किती. पहिल्या प्रश्नावर ‘हूप टेस्ट’ उभी राहते. तिच्यात नापास झालेला दावा बाद होतो, उत्तीर्ण झालेला केवळ शर्यतीत राहतो. दुसऱ्या प्रश्नावर ‘स्मोकिंग गन’ उभी राहते. असा पुरावा मिळाला तर दावा बळकट होतो, न मिळाल्यास तो बाद होत नाही.

पाण्यातून रोग झाला या कडीसाठी लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांचा, कोठे किती मृत्यू झाले ते दाखवणारा प्रसिद्ध नकाशा नवख्यांना निर्णायक वाटतो. माझ्या मते तो तसा नाही, कारण दूषित हवेचा प्रतिस्पर्धी सिद्धांत मानणाऱ्यालाही त्याच वस्तीत मृत्यू दाटलेले दिसले असते. याउलट दूरच्या हॅम्पस्टेडमधील एका वृद्ध विधवेला याच पंपाचे पाणी आवडे आणि ती ते गाडीवरून मागवत असे; 31 ऑगस्टला भरलेले पाणी पिऊन ती दगावली, आणि तेच पाणी पिऊन इस्लिंग्टनला परतलेली तिची भाचीही. त्या वेळी या दोन्ही परिसरांत कॉलरा नव्हता. हवेच्या सिद्धांताला हा पुरावा पचवणे फार अवघड जाते.

शेवटची कडी मात्र हूप टेस्टमध्येच अडकते. दांड्यामुळे मृत्यू घटले असतील तर घट 8 सप्टेंबरनंतर सुरू व्हायला हवी. ती त्याआधीच सुरू झाली होती. लोक वस्ती सोडून पळाल्याने साथ ओसरत होती, हे स्वतः स्नो यांनीही नमूद केले आहे.

येथे अनेकजण दावा सौम्य करतात: दांड्याने दुसरी लाट टाळली. त्याला आधार आहे. त्या वस्तीतील पाद्री हेन्री व्हाइटहेड यांच्या शोधानुसार साथीचा उगम पंपाशेजारच्या घरातील आजारी बाळापाशी होता, त्या घराच्या शौचकुंडातील घाण विहिरीत झिरपत होती, आणि बाळाचे वडील दांडा निघाला त्याच दिवशी आजारी पडले. तरीही हा दावा पहिला कोसळल्यानंतर, हाती असलेल्या माहितीवरूनच घडलेला आहे. ज्या पुराव्याने तो सुचवला, त्याच पुराव्याने तो सिद्ध झाला असे मानता येत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागेल: वडिलांच्या आजारपणातील घाण त्याच कुंडात जात होती का, आणि दांडा असता तर लोक पुन्हा ते पाणी भरू लागले असते का. अहवालात हे दोन दावे वेगवेगळे मांडावेत आणि प्रत्येकापुढे त्याची खात्री स्वतंत्रपणे नोंदवावी.