पहाटेची डोकेदुखी आणि उलटी : पित्त समजण्यापूर्वी या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत निफाडकडच्या एखाद्या मळ्यात सहज घडू शकेल असा प्रसंग समोर ठेवू. 68 वर्षांच्या आबांचे डोके द्राक्षमंडपाच्या लोखंडी अँगलवर आपटते. रक्त येत नाही, शुद्ध हरपत नाही, थोडे टेंगूळ येते आणि दोन दिवसांत घरचे सगळे ते विसरतात. तीन आठवड्यांनी आबांना पहाटे डोके दुखून जाग येऊ लागते, चहाच्या आधीच उलटी होते आणि दहाच्या सुमारास बरे वाटते. घरातून एकच सल्ला मिळतो : "आबा, पित्त झालंय, रात्री जागू नका." चौथ्या-पाचव्या दिवशी आबा दुपारीही झोपून राहू लागतात.

येथे पहिली चूक होते. उलटी दिसली की आपण पोटाकडे पाहतो, कवटीकडे पाहत नाही.

प्रौढ माणसाची कवटी ही न ताणणारी हाडांची पेटी आहे. तिच्यात मेंदू, सुमारे 150 मिलिलिटर मेंदूजल आणि साधारण तितकेच रक्त असते. यांत चौथ्या कशाची भर पडली, तर आधी मेंदूजल पाठीच्या कण्याकडे सरकते आणि शिरांतले रक्त बाहेर ढकलले जाते, म्हणून काही काळ त्रास जाणवत नाही. ही सवलत संपली की थोडी भरही दाब झपाट्याने वाढवते. आडवे असताना हा दाब प्रौढांत साधारण 7 ते 15 मिलिमीटर पारा असतो, आणि तो 20 च्या वर टिकून राहिला तर धोका मानतात. आबांच्या बाबतीत ही भर रक्ताची आहे. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात, आणि किरकोळ माराने त्यातली एखादी फाटून रक्त आठवड्यानुआठवडे हळूहळू साचत जाते. आबांची अँजिओप्लास्टी झालेली असून ते रोज अ‍ॅस्पिरिन घेतात, म्हणजे रक्तस्राव वाढण्याचे आणखी एक कारण आहे.

मग त्रास पहाटेच का होतो? आडवे झाल्यावर डोक्यातून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताला उताराची मदत मिळत नाही. झोपेत श्वासही मंदावतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आधीच भरलेल्या पेटीत आणखी रक्त शिरते. उठून बसल्यावर दाब उतरतो. म्हणूनच दहा वाजता बरे वाटणे हा आजार गेल्याचा पुरावा मानणे ही दुसरी आणि माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे, कारण हा आराम रोज मिळतो आणि रोज फसवतो. उलटीचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांकडे असते; दाब तेथवर पोहोचला की मळमळ फारशी नसताना, जेवणाशी संबंध नसताना उलटी होते.

पेंग येणे ही पुढची पायरी आहे. मेंदूला रक्त मिळते ते रक्तदाब आणि कवटीतला दाब यांच्या फरकातून. हा फरक घटला, किंवा जाग टिकवणारा मस्तिष्कस्तंभाचा भाग दाबला गेला, की माणूस झोपाळतो. "रात्रभर डोकं दुखलं, आता झोपू द्या" असे म्हणून त्याला सोडू नये. हाक मारून, प्रश्न विचारून नीट उत्तर येते का ते पाहावे. सपाट झोपवू नये. डोक्याकडचा भाग सुमारे 30 अंश उंच आणि मान सरळ ठेवावी. झोपेची गोळी मुळीच देऊ नये. नाडी मंदावून रक्तदाब चढलेला आढळला, तर घरी बीपीची जादा गोळी देऊ नये, कारण मेंदूपर्यंत रक्त पोहोचवण्याची ती शरीराची शेवटची धडपड असू शकते. अशा वेळी 108 ला फोन करून न्यूरोसर्जन आणि सीटी स्कॅनची सोय असलेले नाशिकमधले रुग्णालय गाठावे.

अर्थात पहाटेची प्रत्येक डोकेदुखी अशी नसते. अर्धशिशी आणि झोपेत श्वास अडखळणे ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. मात्र दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल, एकाची दोन दिसत असतील, एका बाजूचा हात-पाय लटका पडत असेल किंवा पेंग वाढत असेल, तर थांबू नये.

डॉक्टरांना तीन आठवड्यांपूर्वीचा मार आणि अ‍ॅस्पिरिन या दोन्ही गोष्टी न विचारता सांगाव्यात. मार लागला त्या दिवशीचा सीटी नॉर्मल होता, यावर विसंबू नये; तेव्हा साचलेले रक्त नसेलही. आबांच्या नव्या सीटीत कवटीच्या आतल्या बाजूने चंद्रकोरीसारखा थर दिसतो, कवटीला छोटी छिद्रे पाडून काळपट पातळ रक्त काढले जाते आणि बहुधा लवकरच आबा पुन्हा नीट बोलू लागतात. अ‍ॅस्पिरिन पुन्हा केव्हा सुरू करायचे हे न्यूरोसर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात. काही रुग्णांत रक्त पुन्हा साचते, म्हणून पुढच्या काही आठवड्यांत पहाटेचे दुखणे परतले तर ओव्याच्या डबीकडे न वळता त्याच दिवशी पुन्हा स्कॅन करून घ्यावा.