इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडताना या चुका टाळा

हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या शॉपमध्ये मी एम१० चे स्टड करत होतो, पिच १.५ मिमी. नट तीन आटे सरळ जायचा आणि अडकायचा. खोली कमी पडली असेल, म्हणून आणखी एक कट मारला. नट आत गेला खरा, पण खुळखुळायला लागला. खोली बरोबरच होती, चुकली होती पिच.

लेथचा लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचा, म्हणजे एका आट्याला ६.३५ मिमी. १.५ ला ६.३५ ने भागलं की ३०/१२७ येतं. ड्रायव्हर ३० दात्यांचा, लीड स्क्रूवर १२७ चा. तो १२७ चा गिअर सापडेना, म्हणून मी १२५ चा चढवला होता. दोन दात्यांनी काय होतंय? पिच १.५२४ झाली, एवढंच झालं!

१२७ नसेल तर १२५ पेक्षा ही जोडणी कितीतरी बरी: ६५ चा ड्रायव्हर ५५ ला फिरवतो, ५५ च्याच पिनवर २० चा, आणि तो लीड स्क्रूवरच्या १०० ला फिरवतो. पिच १.५००९ मिळते. शंभर मिमी लांबीत फरक जेमतेम ०.०६ मिमी, नटाला तो कळतही नाही. मात्र ५५ आणि १०० ची अदलाबदल करू नका. हिशोब तोच राहतो, पण पिनवरचा १०० लीड स्क्रूच्या शाफ्टवर आदळतो.

दुसरी चूक १२७ चा गिअर असूनही होते. तो ३० आणि १२० च्या मध्ये आयडलर म्हणून बसवतात. सरळ जोडणीत आयडलरचे दाते हिशोबात येतच नाहीत. उरतं ३०/१२०, आणि पडतात इंचाला १६ आटे.

म्हणून आधी नुसती रेघ उमटेल एवढाच कट घ्या आणि व्हर्निअरने दहा आटे मोजा. १५ मिमी हवेत. १५.२४ आले तर १२५ लागलाय, १५.८८ च्या आसपास आले तर १२७ आयडलर झालाय. दोन्हींपैकी काहीच नसेल, तर स्पिंडल आणि ज्यावर ड्रायव्हर बसतो तो स्टड यांच्यातला गिअर एकास एक आहे का, ते बघा. बऱ्याच मशीनवर तो नसतो आणि तक्त्यात ते धरलेलं असतं.

पिच जुळल्यावरही एक घोळ उरतो. इंची कामाच्या सवयीने हात हाफ नट उघडायला जातो. इथे चेसिंग डायल कामाची नाही, कारण स्पिंडल १२७ फेरे फिरल्यावर, म्हणजे सॅडल साडेसात इंच सरकल्यावरच, स्पिंडल आणि लीड स्क्रूची जागा पुन्हा जुळते. मध्येच हाफ नट लावला तर टूल आट्याच्या माथ्यावरून जातं. तेव्हा शेवटच्या कटापर्यंत हाफ नट बंदच, म्हणजे लीड स्क्रूला धरलेलाच ठेवा. कट संपला की आधी टूल बाहेर काढा, मग स्पिंडल उलटा फिरवून सॅडल मागे आणा, सुरुवातीच्याही थोडं मागे, म्हणजे पुढे निघताना गिअरांतली ढील निघून जाते. आट्यांवर बसणारा चक असेल तर उलटं हळूच फिरवा, झटक्याने तो सुटू शकतो.