डेंग्यूचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा: आधी आयजीएम, मग आयजीजी

पावसाळा सरत आला की सांगलीत आमच्या लॅबमध्ये तापाची रांग लागते. गेल्या हंगामात मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा एक चाळिशीतला हमाल हातात दुसरीकडचा रिपोर्ट घेऊन आला. "ताई, डेंग्यू न्हाई म्हणत्यात, मग ताप का उतरंना?" विषाणूशी लढायला शरीर जी प्रथिनं बनवतं, त्या अँटिबॉडींचे दोन प्रकार रिपोर्टवर होते: आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह. ताप कधी आला म्हणून विचारलं, तर सोमवारी संध्याकाळी. रक्त दिलं होतं मंगळवारी.

पहिली चूक इथेच झाली होती. दुसऱ्या दिवशी अँटिबॉडी शोधून उपयोग नाही, कारण ती अजून तयारच झालेली नसते. डेंग्यूत आयजीएम साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून सापडू लागतं. त्याआधी विषाणूचं स्वतःचं प्रथिन, म्हणजे एनएस-वन, शोधायचं असतं. त्याच्या रिपोर्टमध्ये ती तपासणीच नव्हती.

आयजीएमच आधी का येतं, हे एकदा कळलं की रिपोर्ट वाचणं सोपं जातं. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशीच्या डीएनएमध्ये वेगवेगळ्या वर्गांचे जनुकीय तुकडे ओळीनं मांडलेले असतात आणि आयजीएमचा तुकडा सर्वांत पुढे असतो. त्यामुळे नवा शत्रू दिसला की काहीही न कापता तेच लगेच बनवता येतं. त्याची एकेक पकड ढिली असते. म्हणून पाच रेणू एकत्र जोडले जातात आणि दहा हातांनी मिळून विषाणूला धरतात. आयजीजी बनवायचं तर पेशीला डीएनएचा मधला भाग कापून टाकावा लागतो, आणि तो परत येत नाही. शिवाय त्याच काळात लसिकाग्रंथींमध्ये पकड घट्ट करण्याची निवडही चालते. या सगळ्याला दिवस लागतात.

रक्तातल्या अँटिबॉडीत सुमारे तीन चतुर्थांश वाटा आयजीजीचा असतो. उरलेल्यांपैकी आयजीए लाळेत, अश्रूंत आणि आईच्या दुधात जास्त, आयजीई ॲलर्जीत आणि जंतांविरुद्ध, तर आयजीडी मुख्यतः बी पेशीच्या पृष्ठभागावर. डेंग्यूच्या कार्डावर मात्र साधारणपणे दोनच रेघा बघायच्या, एम आणि जी.

दुसरी चूक म्हणजे आयजीजी टिकतं, म्हणजे तोच रेणू वर्षानुवर्षं फिरत राहतो, असं समजणं. आयजीजीचा निम्मा साठा साधारण तीन आठवड्यांत संपतो, आयजीएमचा पाचेक दिवसांत. आयजीजीला जास्त आयुष्य मिळतं, कारण रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरातल्या पेशी त्याला आत ओढून घेतात आणि न पचवता पुन्हा रक्तात सोडतात. पण वर्षानुवर्षांचं टिकणं वेगळंच आहे. अस्थिमज्जेत बसलेल्या काही पेशी ते सतत नव्यानं बनवत राहतात. गर्भनाळेतूनही आयजीजीच पार होतं, म्हणून नवजात बाळाचं आयजीजी पॉझिटिव्ह आलं तरी ते आईचं असू शकतं. आयजीएम दिसलं, तर संसर्ग बाळालाच झाल्याची शंका घ्यायची.

आता त्या हमालाकडे येऊ. सहाव्या दिवशी, शनिवारी, मी त्याचं रक्त पुन्हा घेतलं. जी ची रेघ ठळक आली, एम ची इतकी फिकी की कार्ड उजेडाकडे तिरकं धरावं लागलं. ही तिसरी चूक होण्याची जागा. "आयजीजी म्हणजे जुनं, सोडून द्या" असं अनेक जण म्हणतात. पण पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल, तर आठवण ठेवणाऱ्या पेशी थेट आयजीजीच ओततात आणि आयजीएम कमी राहतं, कधी दिसतही नाही. मंगळवारी जी ची रेघ का नव्हती? काही कार्डं मुद्दामच अशी बेतलेली असतात, की जुन्या संसर्गाची थोडी पातळी त्यांच्यावर उमटत नाही.

मी विचारल्यावर त्याला आठवलं, काही वर्षांपूर्वी असाच हाडं मोडणारा ताप आला होता. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. पहिल्या प्रकाराचं आयजीजी दुसऱ्याला नीट निकामी करू शकलं नाही, तर उलट त्याला पेशीत शिरायला मदत करतं. म्हणून दुसऱ्या वेळी धोका वाढतो, आणि तोही बहुधा ताप उतरताना. त्याच्या पोटात दुखत होतं, रक्त घट्ट झालं होतं. डॉक्टरांना मी लगेच फोन केला, त्यांनी दाखल करून घेतलं, सलाईन चढलं आणि चार दिवसांनी तो घरी गेला.

सहा आठवड्यांनी साध्या सर्दीतापात तो पुन्हा आला, हातात ठळक जी आणि पुसट एम असलेला नवा रिपोर्ट. "परत झाला का वो?" नाही. आयजीएम दोन-तीन महिने रेंगाळू शकतं, आयजीजी त्याहूनही जास्त. ती रेघ मागच्याच तापाची असू शकते. मी एनएस-वन केलं, ते निगेटिव्ह आलं, प्लेटलेट दोन लाखांवर होत्या. या वेळी फॉर्मवर त्यानं न विचारताच ताप आल्याची तारीख लिहिली होती.