सांगलीत फ्लॅट भाड्याने घेताय? मालकाच्या बँकेला चालतंय का ते आधी विचारा

सांगलीत घर शोधायला लागलात की जो तो एकच सांगतो, 2019 ला पाणी कुठंपर्यंत आलं होतं ते विचारा. ते विचाराच. पण आमच्या परभणी-नांदेडकडून इथं नोकरीला येणारी पोरं दुसरी एक गोष्ट विचारतच नाहीत, ती म्हणजे फ्लॅटवर लोन आहे का आणि असेल तर बँकेनं भाड्यानं द्यायला परवानगी दिलीये का. मी इथं राहून बरीच वर्षं झाली, नवीन आलेल्यांना घर बघून द्यायचं काम आपोआप माझ्याकडंच येतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

विश्रामबाग, शंभर फुटी रोड, मिरज रोड या बाजूचे बरेच फ्लॅट होम लोनवर घेतलेले असतात. यात वाईट काहीच नाही. फक्त होम लोनच्या अॅग्रीमेंटमध्ये बहुतेक वेळा एक कलम असतं, की बँकेच्या लेखी परवानगीशिवाय फ्लॅट भाड्यानं द्यायचा नाही, ताबा दुसऱ्याकडं द्यायचा नाही. मालकानं सह्या करताना ते वाचलेलं नसतं, म्हणून तो मनापासून म्हणतो "काही प्रॉब्लेम नाही हो". हप्ते वेळेवर जातायत तोवर बँकही बघायला येत नाही, तेव्हा खरंच प्रॉब्लेम नसतो.

हप्ते थकले की मात्र चित्र बदलतं. सरफेसी कायद्याखाली बँक आधी 60 दिवसांची नोटीस देते, तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर ताबा घ्यायला निघते. ही नोटीस आल्यानंतर मालकाला बँकेच्या लेखी संमतीशिवाय फ्लॅट विकता किंवा भाडेपट्ट्यानं देता येत नाही. आणि आपली सहकारी बँक आहे, ओळखीची आहे, ती असलं काही करणार नाही असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या, सहकारी बँकांनाही हा कायदा लागू होतो असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्येच सांगितलंय.

तुमच्या हातात असतं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहायची नुसती परवानगी, मालकाच्या हक्काच्या वर तुमचा हक्क जात नाही. करार रजिस्टर केलेला असला (तो करायलाच लागतो) तरी तो तुमच्यात आणि मालकात आहे, बँकेच्या परवानगीशिवाय झाला असेल तर बँकेपुढं त्याचा जोर फार चालत नाही. सामान हलवायचा त्रास आहेच, पण खरा फटका डिपॉझिटचा बसतो. ते पैसे मालकाकडं गेलेले असतात, बँकेकडं नाही, त्यामुळं बँक ते परत देत बसत नाही, आणि ज्याचे हप्ते थकलेत त्याच्याकडून तुम्ही पन्नास हजार कसे काढणार ते तुम्हीच ठरवा.

आता विचारायचं कसं. पहिल्यांदा घर बघायला गेल्यावर दारातच लोनचं काढू नका, माणसाला वाटतं हा आपली ऐपत तपासायला आलाय. भाडं, मेंटेनन्स, पार्किंग सगळं ठरलं की टोकन द्यायच्या आधी विचारा. मी सगळ्यांना असं बोलायला सांगतो, "काका, घर आम्हाला पसंत आहे. फ्लॅटवर लोन चालू असेल तर बँकेचं एक एनओसी लेटर मिळेल का? करारासोबत लावून ठेवू, म्हणजे तुम्हालाही नंतर कुणी बोलायला नको." शेवटचं वाक्य गोड लागावं म्हणून नाही, ते खरंच आहे, परवानगीशिवाय भाड्यानं दिलं तर अट मोडतो मालक, भाडेकरू नाही.

काही मालक लगेच म्हणतात, "हप्ता वेळेवर जातो, तुम्हाला काय करायचंय?" तिथं वाद घालू नका. "हो काका, तुमच्या हप्त्याबद्दल शंका नाही, स्टेटमेंटही नको, फक्त भाड्यानं द्यायला बँकेची हरकत नाही एवढं पत्र हवंय" म्हणायचं. स्टेटमेंट मागायचं नाही म्हटल्यावर निम्मा राग तिथंच उतरतो.

आणि परस्पर बँकेत जाऊ नका. दुसऱ्याच्या कर्जाची माहिती शाखा तुम्हाला देणारच नाही, वर मालकाला कळलं तर घरही गेलं. अर्ज कर्जदारानंच करायचा असतो. तुम्हाला स्वतःहून बघायचं असेल तर आयजीआर महाराष्ट्रच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथं त्या मिळकतीवर गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन दिसते का बघा. न दिसणं म्हणजे लोन नाही असं धरू नका. साधी खूण म्हणजे मालकाकडं खरेदीखताची फक्त झेरॉक्स असते आणि मूळ कागद "बँकेत आहेत" असं तो सांगतो.

मागं आमच्या नांदेडकडचं एक जोडपं मिरजेत हॉस्पिटलला लागलं. विश्रामबागला फ्लॅट ठरला, भाडं 11 हजार, डिपॉझिट 50 हजार, मालक पुण्यात नोकरीला. वर सांगितलं तसंच विचारलं तर मालकांनी व्हॉट्सअॅपवर लगेच एक एनओसी पाठवली. आम्ही तारीख बघितली, जुनी, आधीच्या भाडेकरूच्या वेळची. ती ठीक होती, पण बोलता बोलता ते म्हणाले की व्याज कमी मिळतं म्हणून मधे लोन दुसऱ्या बँकेत नेलंय. म्हणजे पत्र ज्या बँकेचं, तिचा आता फ्लॅटशी संबंधच नाही. मालकांच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. मग त्यांनी नव्या बँकेच्या शाखेला मेल केला, शाखेनं कराराचा कच्चा मसुदा मागितला, आणि पत्र आलं ते दोन अटींसकट: करार 11 महिन्यांच्या वर नको, आणि बँकेनं ताबा मागितला तर लायसन्स तिथंच संपेल.

दुसरी अट वाचून ताई घाबरल्या, म्हणाल्या मग अशा पत्राचा उपयोग काय. उपयोग असा की आता बँकेला तुम्ही माहीत आहात आणि धोका किती आहे ते तुम्हाला कळलंय, त्याप्रमाणं पैसे अडकवा. आम्ही मालकांना म्हणलं, बँकेनं असं लिहिलंय तर डिपॉझिट दोन महिन्यांचं घ्या, 22 हजार. थोडं कुरकुरले, पण तयार झाले, कारण कागद त्यांच्याच बँकेचा होता.

करारात पण तीन वाक्यं घालून घेतली. फ्लॅट अमुक बँकेकडं गहाण आहे आणि हप्ते मालकच भरणार. बँकेची कुठलीही नोटीस आली तर मालक सात दिवसांत कळवणार. आणि बँकेमुळं घर सोडावं लागलं तर लॉक-इन लागू नाही, डिपॉझिट पूर्ण परत. एजंट म्हणेल फॉरमॅटमध्ये बसत नाही, तर बसतं, जादा अटी टाइप करायला जागा असते, त्याला फक्त कंटाळा असतो. अंगठा द्यायच्या आधी ड्राफ्टची पीडीएफ मागून वाचा, नंतर बदल करायचा म्हणजे परत खर्च.

मालक पत्र देतच नसेल तर? हप्ते सुरळीत असतील आणि घर फारच आवडलं असेल तर डिपॉझिट एका महिन्याचं करून बघा. त्यालाही नाही म्हणाला, वर चार-पाच लाख हेवी डिपॉझिट द्या आणि भाडं नको असं म्हणाला, तर चहा पिऊन निघा. लोनवाल्या फ्लॅटवर एवढी रोकड मागणाऱ्याला बहुतेक ती हप्त्यांसाठीच हवी असते.