दात काढायला जाण्याआधी: हृदयरुग्णांची तयारी

सगळ्यात आधी हृदयाच्या ऑपरेशनची फाइल शोधा. ऑपरेशन बहुधा मुंबईला झालेलं असतं आणि कागद निफाडच्या घरी कपाटात. डिस्चार्ज कार्डावर झडप बदलली की नुसता स्टेंट टाकला, हे नीट वाचा, कारण हृदयाला संसर्ग होऊ नये म्हणून दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक लागतं का, ते यावरच ठरतं.

कृत्रिम झडप बसवलेली किंवा कृत्रिम रिंग घालून झडप दुरुस्त केलेली असेल, हृदयाच्या आतल्या आवरणाला पूर्वी संसर्ग म्हणजे एंडोकार्डायटिस झाला असेल, किंवा जन्मजात निळसरपणाचा दोष अजून दुरुस्त झालेला नसेल, तर अँटिबायोटिक लागतं. जन्मजात दोषावर पॅच लावला असेल, तर पहिले सहा महिने. पॅचपाशी गळती राहिली असेल, तर त्यानंतरही. स्टेंट, बायपास, पेसमेकर किंवा रक्तदाब एवढंच असेल, तर लागत नाही. घरातल्या एकाला दिलं म्हणून दुसऱ्यानेही घ्यायचं, ही सवय मला खरंच काळजीत टाकते. विनाकारण घेतलेल्या डोसाने जुलाब किंवा अॅलर्जी होऊ शकते, फायदा काहीच नाही.

मग काम कोणतं आहे ते विचारा. दात काढणं, हिरड्यांखालची सफाई, मुळाच्या टोकापर्यंत जाणारं काम, यांना डोस हवा. एक्स-रे, कवळी बसवणं, ब्रेसेसची तार घट्ट करणं, यांना नको.

नाशिकरोडच्या एखाद्या काकूंचं उदाहरण घेऊ. मायट्रल झडप धातूची, दाढ काढायची आहे. नेहमीचा डोस पेनिसिलिनच्याच गटातलं अॅमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम, कामाच्या ३० ते ६० मिनिटं आधी. नंतर पाच दिवसांचा कोर्स लागत नाही. पण काकूंना संधिवाताच्या तापासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं. ते चालू आहे म्हणून दाताचं संरक्षणही आपोआप झालं, असं होत नाही. उलट अशा माणसाच्या तोंडातले जंतू पेनिसिलिनला दाद देईनासे होऊ शकतात. त्यांना दुसऱ्या गटातलं औषध, बहुधा अॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, दिलं जातं. म्हणून इंजेक्शनचं कार्ड सोबत न्या, आणि पेनिसिलिनने पूर्वी पुरळ किंवा सूज आली असेल तर तेही आधीच सांगा.

काकूंची रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. धातूच्या झडपेवर गुठळी बसण्याचा धोका मोठा आहे. रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आयएनआरचा ताजा रिपोर्ट घेऊन दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या.

डोस घ्यायचा राहिलाच, तर लगेच सांगा. कामानंतर दोन तासांच्या आत घेता येतो.

पुढच्या काही आठवड्यांत कारण न कळणारा ताप, थंडी, रात्री घाम सुरू झाला, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घेऊ नका. आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू शोधणारी तपासणी, करून घ्या. गोळी पोटात गेली की जंतू कल्चरमध्ये बऱ्याचदा सापडत नाहीत आणि योग्य उपचार ठरवणं अवघड होतं.