नको असलेले कॉल रोखताना आईचाच फोन अडवू नका: या चुका टाळा

काही महिन्यांपूर्वी जाहिरातींच्या फोनांना कंटाळून मी एका कॉल रोखणाऱ्या ॲपमध्ये संपर्क यादीबाहेरचा प्रत्येक कॉल थेट नाकारण्याची सोय सुरू केली. दोन दिवस अगदी शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी प्रवासात आईच्या मोबाईलची बॅटरी संपली आणि तिने सहप्रवाशाच्या फोनवरून मला पाच मिनिटांत तीनदा फोन केला. त्यांपैकी एकही वाजला नाही, आणि ॲपने सूचना दाखवणेही बंद ठेवलेले असल्यामुळे मला ते कॉल रात्री त्याच्या नोंदीत सापडले. आईच्या क्रमांकाला मी मोठ्या हौसेने वेगळी रिंगटोन लावली होती; पण ती रिंगटोन जतन केलेल्या क्रमांकांपुरतीच असते, त्यांमागच्या माणसाला ती चिकटत नाही, हे तेव्हा नीट ध्यानात आले.

क्रमांक अडवणे आणि आवाज बंद करणे यांत गल्लत

येणारा प्रत्येक त्रासदायक क्रमांक ब्लॉक करत राहणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. एकच व्यवसाय ठरलेल्या क्रमांकावरून वारंवार फोन करत असेल, तर हा उपाय उत्तम चालतो. परंतु मोठ्या प्रमाणावर फोन करणारे लोक क्रमांक सतत बदलतात, आणि काही जण तर पडद्यावर दिसणारा क्रमांकच खोटा पाठवतात. असा खोटा क्रमांक प्रत्यक्षात एखाद्या निरपराध माणसाचा असू शकतो, त्यामुळे आपली ब्लॉक यादी दोनशेवर गेली तरी त्रास तेवढाच राहतो.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे मी केली ती, सगळेच अनोळखी कॉल नाकारण्याची. अँड्रॉइडवरील गूगलच्या फोन ॲपमध्ये Blocked numbers या पानावर Unknown नावाचा पर्याय असतो. तो सुरू केल्यावर यादीबाहेरचे सगळे कॉल थांबतील असे अनेकांना वाटते. वास्तविक तो केवळ स्वतःचा क्रमांक लपवून केलेल्या कॉलांसाठी आहे, म्हणून तो निर्धास्तपणे सुरू ठेवावा आणि त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

अनोळखी कॉलांपासून सुटका हवी असेल, तर ते नाकारण्यापेक्षा त्यांचा आवाज बंद करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. अँड्रॉइडच्या Do Not Disturb मध्ये केवळ संपर्क यादीतील किंवा तारांकित व्यक्तींचे कॉल वाजू देता येतात आणि त्याच ठिकाणी वारंवार फोन करणाऱ्याला सवलत देण्याचा पर्यायही असतो: एकाच क्रमांकावरून पंधरा मिनिटांच्या आत दुसरा कॉल आला, तर तो वाजतो. आयफोनच्या Focus मध्ये अशीच सोय Allow Repeated Calls या नावाने आहे, मात्र तिथे मुदत तीन मिनिटांची असते. माझ्या फोनवर त्या दिवशी ब्लॉकऐवजी ही व्यवस्था असती, तर आईचा दुसरा कॉल वाजला असता. चिकाटीचा विक्रेताही या फटीतून अधूनमधून आत येतो, हे खरे. पण तेवढी किंमत मोजायला माझी हरकत नाही.

रिंगटोन लावली, तरी वाजत नाही

वेगळी रिंगटोन लावणे सोपे आहे. गूगलच्या संपर्क ॲपमध्ये त्या व्यक्तीचे पान उघडून तीन ठिपक्यांच्या यादीतून Set ringtone निवडायचे. आयफोनवर संपर्क उघडून Edit आणि मग Ringtone. अडचण येते ती नंतर. ती शोधताना त्या व्यक्तीला साधा फोन करायला सांगावे आणि फोन न उचलता पडद्याकडे पाहावे. व्हॉट्सॲपवरून करायला सांगू नये, कारण अँड्रॉइडवर त्या कॉलांचा आवाज व्हॉट्सॲप स्वतः ठरवते आणि संपर्क पानावरची रिंगटोन तिथे लागू होत नाही.

पडद्यावर नावाऐवजी नुसता क्रमांक दिसला, तर फोनला ती व्यक्ती ओळखूच आलेली नाही. बहुधा क्रमांक अर्धवट जतन झालेला असतो किंवा ती व्यक्ती दुसऱ्या सिमवरून बोलत असते. सर्व क्रमांक अधिकचे चिन्ह आणि देशाच्या संकेतांकासह, एकाच पानावर जतन करावेत. रिंगटोन पानाला लागत असल्याने ती त्या सर्व क्रमांकांना मिळते.

नाव दिसले पण नेहमीचीच रिंगटोन वाजली, तर संशय दुहेरी नोंदीवर घ्यावा. माझ्या मावशीच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. तिचा क्रमांक जुन्या सिमकार्डावर ‘मावशी’ म्हणून होता आणि गूगल खात्यात ‘मावशी घर’ म्हणून. रिंगटोन मी दुसऱ्या नोंदीला लावली होती, आणि फोन आल्यावर पडद्यावर नाव मात्र पहिल्या नोंदीचे येत असे. सिमवरील नोंदीत नाव आणि क्रमांक यांपलीकडे फारसे काही मावत नाही, त्यामुळे तिथे रिंगटोन लावण्याचा पर्याय सहसा दिसतच नाही. सिमवरचे संपर्क खात्यात आणून जुनी नोंद पुसल्यावर मावशीची रिंगटोन पहिल्याच कॉलला वाजली. नोंद एकच असूनही असे होत असेल, तर गाण्याची फाइल तपासावी. ती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये असेल आणि जागा मोकळी करताना पुसली गेली असेल, तर फोन काहीही न सांगता मूळ रिंगटोनवर परततो. त्यासाठी फाइल आधी फोनच्या अंतर्गत साठवणीतील Ringtones या फोल्डरमध्ये हलवावी आणि मगच निवडावी. अँड्रॉइडवर ही निवड गूगल खात्यासोबत नव्या फोनवर जात नाही, तिथे ती पुन्हा करावी लागते.

नाव दिसले आणि आवाजच आला नाही, तर फोन मूक स्थितीत आहे किंवा Do Not Disturb सुरू आहे. विशेष रिंगटोन म्हणजे विशेष परवानगी, असा समज इथे नडतो. परवानगी वेगळी द्यावी लागते: अँड्रॉइडवर त्या व्यक्तीला तारांकित करून तारांकितांना सवलत देणे, आणि आयफोनवर Ringtone च्याच पानावरील Emergency Bypass सुरू करणे. हा दुसरा पर्याय मूक स्थितीतही फोन वाजवतो, म्हणून तो दोन-तीन माणसांपुरताच ठेवलेला बरा.

संदेशांबाबत थोडेसे

अनोळखी क्रमांकावरून आलेल्या जाहिरातीला ‘पाठवू नका’ असे उत्तर देऊ नये, कारण त्यातून आपला क्रमांक चालू असल्याची खात्रीच पटते. संदेश दाबून धरून ब्लॉक व तक्रार हा पर्याय निवडणे पुरेसे आहे. मात्र बँक किंवा तत्सम संस्थेच्या जाहिरातीवर चिडून तो पाठवणारा ब्लॉक करण्याआधी, व्यवहाराचे सांकेतिक अंकही त्याच नावाने येतात का, हे जुन्या संदेशांत पाहावे. अपेक्षित अंक आले नाहीत, तर गूगलच्या संदेश ॲपमध्ये Spam & blocked हा विभाग आणि आयफोनवर अनोळखी प्रेषकांची वेगळी यादी आधी उघडावी. फोनमध्ये ब्लॉक केलेला क्रमांक व्हॉट्सॲपवर मोकळाच असतो. तिथे तो पुन्हा ब्लॉक करावा, आणि अनोळखी कॉल मूक करण्यासाठी Privacy मधील Calls येथे Silence unknown callers सुरू करावे. असे कॉल वाजत नाहीत, पण कॉलच्या यादीत दिसतात.